यूट्यूबवर रिपोर्ट केला, पुढे काय झालं? Live, Removed आणि Restricted वाचायचं कसं

आमच्या सेवा केंद्रात आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी फोन पुढे करून विचारतं, "हा व्हिडिओ मी रिपोर्ट केला होता. अजून तसाच आहे. कुणी बघितलाच नाही का?" प्रश्न साधा वाटतो, पण उत्तर देताना दरवेळी चार गोष्टी तपासाव्या लागतात. त्या कोणत्या, आणि पडद्यावर दिसणाऱ्या प्रत्येक शब्दावरून काय समजायचं, ते एका खऱ्या प्रकरणाच्या आधाराने सांगतो.

शेजारच्या गल्लीतल्या एक मावशी आल्या होत्या. त्यांना एका व्हिडिओची लिंक व्हॉट्सअपवर आली होती. व्हिडिओत एक माणूस सरकारी योजनेचे पैसे खात्यात आले की नाही ते कसं बघायचं हे सांगत होता. सुरुवातीची चार मिनिटं त्याचं बोलणं ठीकठाक होतं. नंतर तो म्हणाला, खाली वर्णनात दिलेल्या लिंकवर जा, आधार नंबर टाका, मोबाइलवर ओटीपी येईल तो टाका. ती लिंक कुठल्याही सरकारी संकेतस्थळाची नव्हती. मावशींनी ओटीपी टाकला नव्हता, हे नशीब. त्यांच्या भाच्याने तो व्हिडिओ लगेच रिपोर्ट केला होता. आठ दिवस झाले तरी व्हिडिओ चालूच होता आणि गावातल्या ग्रुपवर फिरतही होता, म्हणून मावशी विचारायला आल्या होत्या.

आधी पान शोधा

आपण केलेल्या रिपोर्टची नोंद यूट्यूब एका पानावर ठेवतं. त्याचा पत्ता हा:

```
youtube.com/reporthistory
```

कॉम्प्युटरवर यूट्यूब उघडून लॉग-इन केलं की डावीकडच्या पट्टीत अगदी खाली, Settings च्या आसपास, Report history हे नाव दिसतं. पट्टी मिटलेली असेल तर वरच्या कोपऱ्यातल्या तीन आडव्या रेघा दाबा. मोबाइलच्या ॲपमध्ये हे पान शोधत बसू नका. फोनवर ब्राउझर उघडा, वरचा पत्ता हाताने टाका, लॉग-इन करा. पत्ता दाबल्यावर फोन पुन्हा ॲपच उघडत असेल तर ब्राउझरमध्ये 'डेस्कटॉप साइट' चालू करून बघा.

या पानावर तुम्ही रिपोर्ट केलेले व्हिडिओ आणि प्रत्येकाची स्थिती दिसते. पान व्हिडिओंच्या रिपोर्टपुरतं आहे. एखाद्या कमेंटचा रिपोर्ट केला असेल तर त्याची स्थिती इथे शोधू नका. कमेंट गेली की नाही हे त्या व्हिडिओखाली जाऊनच बघावं लागतं.

मावशींच्या फोनवर हे पान उघडलं तेव्हा ते रिकामं होतं. त्यांना वाटलं रिपोर्ट गेलाच नाही. ही तक्रार मला सगळ्यात जास्त वेळा ऐकायला मिळते, आणि बहुतेक वेळा कारण एकच असतं: रिपोर्ट दुसऱ्या खात्यातून झालेला असतो. यूट्यूबवर रिपोर्ट करायला लॉग-इन लागतं आणि नोंद त्याच खात्याच्या नावावर राहते. एका फोनमध्ये दोन-तीन जीमेल खाती असणं आता नेहमीचंच झालंय. एक स्वतःचं, एक मुलाने शाळेसाठी काढलेलं, एक जुन्या फोनचं. भाच्याने रिपोर्ट स्वतःच्या फोनवरून केला होता. त्याला फोन करून त्याच्याच खात्यातून पान उघडायला लावलं तेव्हा नोंद सापडली. तुमचं स्वतःचं चॅनल असेल आणि तुम्ही चॅनलच्या नावाने वावरत असाल, तर वरच्या चित्रावर दाबून खातं बदला आणि पुन्हा बघा.

खातं बरोबर असूनही नोंद नसेल तर रिपोर्ट अर्धवट राहिला असण्याची शक्यता आहे. रिपोर्ट करताना कारण निवडल्यावर पुढे जायचं असतं, तपशील भरायचा असतो आणि शेवटी पुन्हा एकदा पाठवायचं बटण दाबायचं असतं. पुष्कळ जण कारणावर टिचकी मारतात, खिडकी बंद करतात आणि झालं असं समजतात. शेवटी आभाराचा छोटासा संदेश दिसला नसेल तर रिपोर्ट गेलेला नाही.

Live या एका शब्दात दोन अर्थ आहेत

भाच्याच्या यादीत त्या व्हिडिओपुढे Live असं लिहिलेलं होतं. तो म्हणाला, "म्हणजे अजून कुणी बघितलेलंच नाही."

गैरसमज इथेच होतो. यूट्यूबच्या मदत पानावरच्या व्याख्येप्रमाणे Live हा शब्द दोन प्रकारच्या व्हिडिओंसाठी वापरला जातो. एक, ज्याची तपासणी अजून झालेली नाही. दोन, ज्याची तपासणी झाली आणि तो नियमांत बसतो असं ठरलं. दोन्हींपुढे तोच शब्द येतो, आणि यातलं तुमच्या व्हिडिओला काय लागू आहे हे ते पान सांगत नाही. Live चा थेट प्रक्षेपणाशी इथे काही संबंध नाही. व्हिडिओ अजून यूट्यूबवर आहे, एवढंच त्यातून कळतं.

म्हणून "तपासलं का?" या प्रश्नाला Live दिसत असेपर्यंत पक्कं हो किंवा नाही असं उत्तर मिळत नाही. हे लोकांना पटवणं अवघड जातं. सरकारी कचेरीत अर्ज दिला की आवक क्रमांक मिळतो आणि अर्ज कुठल्या टेबलावर आहे ते विचारता येतं, त्या सवयीचे आपण. इथे तसा क्रमांक मिळत नाही.

मग अंदाज कशावरून बांधायचा? मी दोन गोष्टी बघतो. पहिली, रिपोर्ट होऊन किती दिवस झाले. काल केलेल्या रिपोर्टपुढचा Live आणि महिनाभरापूर्वीच्या रिपोर्टपुढचा Live यांत फरक आहे. यूट्यूबचं म्हणणं असं की रिपोर्ट तपासण्याचं काम चोवीस तास, आठवड्याचे सातही दिवस चालतं. त्यामुळे बरेच आठवडे उलटूनही Live असेल तर मी असं धरून चालतो की व्हिडिओ पाहिला गेला आणि ठेवला गेला. हा माझा ठोकताळा आहे, यूट्यूबचा नियम नाही. पण त्याने पुढचं पाऊल ठरवता येतं, नुसती वाट बघत बसावं लागत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे रिपोर्टचं कारण. आणि आमच्या प्रकरणात गाडी अडली ती इथेच.

कारण चुकलं की काय होतं

भाच्याने कारण निवडलं होतं Misinformation. त्याच्या दृष्टीने ते बरोबरच होतं, खोटी माहिती दिली होती ना! पण यूट्यूबच्या नियमांत चुकीच्या माहितीचा कप्पा मर्यादित आहे. निवडणुकीत मतदान कसं आणि कधी करायचं याबद्दल दिशाभूल, आरोग्याबाबत धोकादायक दावे, गंभीर नुकसान होईल अशा पद्धतीने बदललेलं चित्रण, असे विषय त्यात येतात. एखादी गोष्ट नुसती खोटी आहे एवढ्यावर व्हिडिओ त्या नियमात बसत नाही. लोकांना फसवून लिंकवर नेणं, तिथे त्यांची खाजगी माहिती काढून घेणं, हा प्रकार स्पॅम आणि फसवणुकीच्या नियमाखाली येतो. रिपोर्टच्या यादीत त्यासाठीचं कारण आहे Spam or misleading.

तपासणाऱ्या माणसाच्या जागी जरा बसून बघा. समोर दहा मिनिटांचा मराठी व्हिडिओ आहे. रिपोर्टमध्ये लिहिलंय चुकीची माहिती. व्हिडिओत योजनेची माहिती आहे आणि तीही बरीचशी बरोबर आहे. खरी गोम व्हिडिओत नाहीच, ती वर्णनातल्या लिंकमध्ये आणि मधल्या एका मिनिटात आहे. त्याकडे बोट दाखवलंच नाही तर ती नजरेतून सुटू शकते.

म्हणून आम्ही नव्याने रिपोर्ट केला, या वेळी मावशींच्या खात्यातून आणि कॉम्प्युटरवरून. कॉम्प्युटरवरून अशासाठी की तिथे व्हिडिओतली नेमकी वेळ आणि तपशील शांतपणे लिहिता येतात. आधी पूर्ण व्हिडिओ बसून पाहिला आणि वहीत वेळा टिपून घेतल्या. कारण निवडलं Spam or misleading. वेळ टाकली 4:10. तपशिलाच्या रकान्यात लिहिलं:

"4:10 ते 5:25 या वेळात वक्ता वर्णनातल्या पहिल्या लिंकवर आधार नंबर आणि ओटीपी टाकायला सांगतो. लिंक सरकारी नाही, पत्त्याच्या शेवटी gov.in नाही. योजनेचं नाव वापरून लोकांची माहिती गोळा केली जात आहे."

तीन वाक्यं, बस्स. "हा माणूस फ्रॉड आहे, ताबडतोब बंद करा" असं लिहून काही उपयोग नसतो, कारण त्यातून बघणाऱ्याला कुठे बघायचं ते कळत नाही. वेळ, कृती आणि ती चूक का आहे, एवढं लिहायचं.

मधल्या काळात भाच्याने आणखी एक उद्योग केला होता. ग्रुपवर मेसेज टाकला होता, "सगळ्यांनी रिपोर्ट मारा, शंभर रिपोर्ट झाले की व्हिडिओ आपोआप उडतो." असं काही होत नाही. यूट्यूब स्पष्ट सांगतं की रिपोर्टच्या संख्येवर व्हिडिओ काढला जात नाही, तो नियम मोडतो का यावर काढला जातो. उलट अशा मेसेजमुळे पन्नास जण लिंक उघडतात, त्यातला एखादा ओटीपी टाकून बसतो. ग्रुपवर सावध करायचं असेल तर व्हिडिओचा स्क्रीनशॉट टाका, लिंक टाकू नका.

आणखी एक शंका हमखास येते: आपलं नाव त्या चॅनलवाल्याला कळतं का? नाही. नियमभंगाचा रिपोर्ट कुणी केला हे व्हिडिओ टाकणाऱ्याला सांगितलं जात नाही. गावातल्याच माणसाचं चॅनल असेल तर लोक याच भीतीने रिपोर्ट करायचं टाळतात, म्हणून हे मुद्दाम सांगतो. कॉपीराइटची तक्रार मात्र वेगळी. तिथे तक्रारदाराचं नाव समोरच्याला कळतं आणि व्हिडिओच्या जागी येणाऱ्या संदेशातही दिसू शकतं.

Removed म्हणजे नेमकं काय

दुसऱ्या रिपोर्टनंतर पाचव्या दिवशी मावशींच्या यादीत Live च्या जागी Removed आलं. भाच्याच्या यादीतही तेच. स्थिती व्हिडिओची असते, त्यामुळे ज्या ज्या खात्यातून रिपोर्ट झाला तिथे तिथे ती बदलते. आपल्याच रिपोर्टमुळे व्हिडिओ गेला असं मात्र Removed वरून म्हणता येत नाही. दुसऱ्या कुणाच्या तक्रारीवरून गेला असेल, यूट्यूबच्या स्वयंचलित यंत्रणेने पकडला असेल. गूगलच्या पारदर्शकता अहवालात दिसतं की काढल्या जाणाऱ्या व्हिडिओंतला फार मोठा भाग आधी यंत्रणेनेच हेरलेला असतो. मावशींना मात्र व्हिडिओ गेला एवढंच हवं होतं, आणि ते झालं.

इथे आणखी एक पायरी आहे, ती गाळू नका. Removed दिसलं की व्हिडिओच्या मूळ पत्त्यावर जाऊन तिथे काय लिहून येतं ते वाचा. निकालाचा खरा तपशील तिथे असतो. आमच्या वेळी काळ्या चौकटीत हे वाक्य आलं:

```
This video has been removed for violating YouTube's policy on spam, deceptive practices, and scams
```

म्हणजे तपासणी झाली, नियम मोडल्याचं ठरलं, आणि तो फसवणुकीचा नियम होता. कधी नियमाचं नाव न देता नुसतं Community Guidelines मोडल्याचं लिहून येतं. अर्थ तोच, फक्त कोणता नियम ते उघड केलेलं नसतं.

पण याच चौकटीत दुसरी वाक्यंही येऊ शकतात, आणि ती वेगवेगळी वाचायला हवीत. This video has been removed by the uploader असं दिसलं तर टाकणाऱ्याने स्वतःच व्हिडिओ काढलाय. तिथे यूट्यूबने काही निकाल दिला असं समजू नका. व्हिडिओ खाजगी आहे असं सांगणारं, private शब्द असलेलं वाक्य दिसलं तर जास्त सावध राहा. व्हिडिओ जागेवर आहे, फक्त पडद्याआड गेलाय, आणि त्याचा मालक एका टिचकीत तो पुन्हा उघडा करू शकतो. फसवणूक करणारे हे करतात. गवगवा झाला की चार दिवस खाजगी, मग पुन्हा चालू. अशा व्हिडिओचा पत्ता वहीत लिहून ठेवा. watch?v= च्या पुढची अकरा अक्षरं ही त्या व्हिडिओची कायमची ओळख असते. नाव बदललं, वरचं चित्र बदललं तरी ती बदलत नाही.

the YouTube account associated with this video has been terminated असे शब्द आले तर नुसता व्हिडिओ नाही, अख्खं खातंच बंद झालंय. एरवी नियमभंगाला आधी ताकीद आणि मग स्ट्राइक मिळतात, 90 दिवसांत तीन स्ट्राइक झाले की चॅनल जातं. प्रकार फार गंभीर असेल किंवा चॅनल फसवणुकीसाठीच उघडलेलं असेल तर एका फटक्यातही जातं. वाक्यात copyright claim असेल तर विषयच वेगळा, हक्काच्या मालकाने तक्रार केलेली आहे आणि तुमच्या रिपोर्टचा तिथे संबंध नाही.

आपल्याकडे आणखी एक संदेश बऱ्याचदा दिसतो, ज्यात order from the government आणि national security or public order असे शब्द असतात. तो व्हिडिओ सरकारी आदेशामुळे या देशापुरता बंद असतो. दुबईत किंवा अमेरिकेत बसलेल्या तुमच्या भावाला तो दिसू शकतो. म्हणून परदेशातला नातेवाईक "मला तर दिसतोय" म्हणाला तर गोंधळून जाऊ नका, आधी इथल्या चौकटीतलं वाक्य पूर्ण वाचा.

Removed झालेला व्हिडिओ परत येऊ शकतो का? येऊ शकतो. ज्याचा व्हिडिओ काढला त्याला अपील करता येतं, आणि अपील मान्य झालं तर व्हिडिओ पुन्हा दिसायला लागतो. यादीत आधी Removed पाहिलेला व्हिडिओ नंतर Live दिसला तर हे एक कारण असू शकतं.

Restricted: गेला नाही, पण मोकळाही नाही

या शब्दाकडे लोकांचं लक्ष जात नाही, कारण व्हिडिओ उघडून बघितला तर तो चालूच असतो. Restricted म्हणजे तपासणी झाली, व्हिडिओ काढण्याइतपत नियमभंग सापडला नाही, पण बंधन घातलं. बहुतेक वेळा हे वयाचं बंधन असतं. म्हणजे लॉग-इन केलेल्या 18 वर्षांवरच्या माणसालाच तो दिसतो. काही वेळा व्हिडिओ राहतो पण त्याच्या काही सोयी काढून घेतल्या जातात, जसं कमेंट किंवा सुचवण्यांत दिसणं.

वयाचं बंधन आहे का हे तपासायला सोपी युक्ती आहे. ब्राउझरच्या खाजगी खिडकीत, लॉग-इन न करता व्हिडिओचा पत्ता उघडा. Sign in to confirm your age असं आलं तर बंधन आहे. तुमच्या स्वतःच्या खात्यातून तो सरळ चालेल, कारण तुमचं वय 18 च्या वर नोंदलेलं आहे. आमच्या इथले एक शिक्षक रस्ता अपघाताच्या एका व्हिडिओबद्दल चिडले होते, "मुलं बघतात, मी रिपोर्ट केला, तरी चालूच आहे." यादीत Restricted होतं. खाजगी खिडकीत उघडून दाखवलं, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की त्यांची तक्रार अर्धी मान्य झालेली होती. बातमी, माहितीपट, शिक्षण, शास्त्र किंवा कला म्हणून संदर्भासह दाखवलेल्या दृश्यांना यूट्यूब नियमांत सूट देतं. त्यामुळे अशा व्हिडिओंच्या बाबतीत काढून टाकण्यापेक्षा बंधन घालणं जास्त वेळा दिसतं.

कधीकधी नोंदीपुढे माहिती उपलब्ध नाही अशा अर्थाचा संदेश येतो. तो निकाल नाही. तो दिसला की व्हिडिओच्या पत्त्यावर जाऊन वर सांगितलेली वाक्यं वाचा, जे कळायचं ते तिथेच कळेल.

Live कायम राहिलं तर

समजा पंधरा-वीस दिवस झाले, कारण बरोबर होतं, वेळ दिली होती, तरी Live. अशा वेळी तोच रिपोर्ट त्याच शब्दांत पुन्हा पुन्हा करण्यात वेळ जातो. मी आधी विचारतो, हा रिपोर्टच्या बटणाचा विषय आहे का?

तुमचा फोटो, चेहरा, नाव, पत्ता किंवा फोन नंबर परवानगीशिवाय दाखवलाय? मग यूट्यूबची खाजगीपणाच्या तक्रारीची वेगळी प्रक्रिया आहे, ती यूट्यूबच्या मदत विभागात सापडते. तिथे बहुतेक वेळा स्वतः त्या व्यक्तीनेच तक्रार करावी लागते, आणि व्हिडिओत ती ओळखू येते हे दाखवावं लागतं. यूट्यूब टाकणाऱ्याला 48 तास देऊ शकतं, तेवढ्यात त्याने तो भाग काढला किंवा धूसर केला तर प्रश्न मिटतो, नाहीतर यूट्यूब तपासतं. तुमचं गाणं किंवा तुमचा व्हिडिओ कुणी चोरून टाकलाय? मग कॉपीराइटचा फॉर्म, आणि तोही फक्त हक्काच्या मालकाने किंवा त्याच्या प्रतिनिधीने भरायचा. या दोन्ही मार्गांवर उत्तरं ईमेलवर येतात, Report history च्या पानावर नाही. मेल स्पॅममध्ये जाऊन पडलेला पुष्कळदा सापडतो, तिथे जरूर बघा.

भारतात आणखी एक वाट आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या 2021 च्या नियमांनी अशा कंपन्यांना तक्रार निवारण अधिकारी नेमणं सक्तीचं केलं आणि तक्रारीची पोच 24 तासांत देण्याचं बंधन घातलं. रिपोर्टचं बटण दाबणं आणि या अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लेखी तक्रारीला पोच मिळते, उत्तर मिळतं, आणि तीच पुढे कामाला येते. उत्तर पटलं नाही तर 30 दिवसांच्या आत केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे gac.gov.in वर ऑनलाइन अपील करता येतं. या समित्या 2023 मध्ये सुरू झाल्या. तिथे जाताना अधिकाऱ्याचं उत्तर, तारखा आणि व्हिडिओचा पत्ता हाताशी लागतो. Report history चा स्क्रीनशॉटही सोबत ठेवा, पण तो एकटा पुरत नाही.

पैसे गेले असतील तर मात्र यातलं काहीच आधी करू नका. आधी 1930 वर फोन करा आणि cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवा. पहिल्या काही तासांत खात्यातली रक्कम थांबवता येण्याची शक्यता असते. व्हिडिओ दोन दिवसांनी रिपोर्ट केला तरी चालेल. पण त्याआधी त्याचा पत्ता, चॅनलचं नाव, वर्णनातली लिंक आणि ती तारीख दिसेल असे स्क्रीनशॉट काढून ठेवा. व्हिडिओ Removed झाला की चौकटीतल्या त्या एका वाक्यापलीकडे काही उरत नाही, आणि पोलिसांना दाखवायला हातात काहीतरी असावं लागतं.

मावशींच्या प्रकरणात तीन आठवड्यांनी तोच व्हिडिओ, तोच माणूस, दुसऱ्या चॅनलवर आला. अकरा अक्षरं नवी, म्हणजे यूट्यूबच्या लेखी व्हिडिओ नवा, आणि जुना रिपोर्ट त्याला लागू होत नाही. वहीत वेळा लिहिलेल्या होत्याच. हा व्हिडिओ सुरुवातीला पंधरा सेकंदांनी छाटलेला होता, म्हणून 4:10 च्या जागी 3:55 लिहिलं आणि बाकी मजकूर तसाच ठेवला. या वेळी रिपोर्ट मावशींनी स्वतः केला. त्यांच्या यादीत आता वरच्या ओळीत Live आहे आणि खालच्या ओळीत Removed.